प्लॉटवर सकाळचं ऊन कुठे पडेल: सूर्याचा दिगंश आणि सावलीची लांबी काढून घराची मांडणी ठरवणं

प्लॉट पाहायला गेल्यावर पूर्वेला चार मजली इमारत दिसली की बहुतेकजण तिथेच निकाल देतात: "इथे सकाळचं ऊन येणार नाही." कधी ते बरोबर असतं, कधी साफ चूक. सावली किती लांब पडते हा हिशेबाचा अर्धाच भाग झाला. ती कोणत्या दिशेला पडते हा उरलेला अर्धा भाग, आणि महाराष्ट्राच्या अक्षांशांवर हिवाळ्यात खरा निकाल त्याच्यावरच लागतो. डिसेंबरात सूर्य पूर्वेला उगवत नाही, पूर्वेपासून जवळजवळ २५ अंश दक्षिणेला सरकून उगवतो. त्यामुळे पूर्वेच्या इमारतीची सावली सरळ पश्चिमेला न जाता तिरकी, वायव्येकडे जाते आणि तुमच्या प्लॉटचा आग्नेय कोपरा मोकळा राहू शकतो.

हा हिशेब कागदावर, साध्या वैज्ञानिक कॅल्क्युलेटरवर किंवा स्प्रेडशीटमध्ये अर्ध्या तासात होतो. खाली पुण्यातला एक नमुना प्लॉट घेऊन तो पूर्ण करून दाखवला आहे.

नमुना प्लॉट

जागा पुणे: अक्षांश १८.५२° उत्तर, रेखांश ७३.८६° पूर्व. प्लॉट पूर्व-पश्चिम १५ मीटर, दक्षिण-उत्तर २० मीटर. दक्षिणेला ९ मीटरचा रस्ता आणि रस्त्यापलीकडे बैठी घरं. पूर्वेच्या शेजाऱ्याची स्टिल्ट अधिक तीन मजल्यांची इमारत, पॅरापेटपर्यंत १३ मीटर उंच. तिची आपल्याकडची भिंत सामाईक हद्दीपासून ३ मीटर आत आहे. रस्त्याकडच्या हद्दीपासून मोजलं तर ही भिंत २ मीटरवर सुरू होते आणि १७ मीटरवर संपते.

आपलं घर पूर्वेला १.५ मीटर आणि रस्त्याकडे ३ मीटर सामासिक अंतर सोडून बांधायचं आहे. म्हणजे आपली पूर्वेची भिंत आणि शेजाऱ्याची भिंत यांच्यात ४.५ मीटर अंतर राहतं. जोतं ०.६ मीटर आणि तळमजल्यावरच्या खिडकीचा कट्टा त्यावर ०.९ मीटर, तेव्हा ऊन जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर पोहोचायला हवं. जमिनीवर सावली आहे की नाही याने काही ठरत नाही. म्हणून इमारतीची हिशेबातली उंची १३ वजा १.५, म्हणजे ११.५ मीटर धरायची. हे वजा करायचं राहून जातं आणि सावली उगाच लांब दिसते.

आधी उत्तर दिशा पक्की करा

पुढचे सगळे आकडे खऱ्या उत्तरेपासून मोजलेले आहेत, त्यामुळे उत्तर चुकली की पुढचं सगळंच चुकतं. मोबाईलमधल्या होकायंत्रावर इथे भिस्त ठेवू नका. जवळ गाडी, लोखंडी गेट, सळयांचा ढीग किंवा ट्रान्सफॉर्मर असेल तर ते सहज १० अंशांनी फिरतं. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक महाराष्ट्रात जेमतेम एका अंशाच्या आत आहे, तो सोडून दिला तरी चालतो. गोंधळ लोखंडामुळे होतो. या नमुन्यात उत्तर १० अंशांनी चुकली तर डिसेंबरात सकाळी नऊ वाजता सावलीची कड आपल्या भिंतीवर एक मीटरहून जास्त सरकते. एवढ्या फरकाने अख्खी खिडकी उन्हातून सावलीत जाते.

खात्रीचा मार्ग ओळंब्याचा. सपाट जागेवर ओळंबा टांगा आणि स्थानिक मध्यान्हाच्या क्षणी दोरीची सावली जमिनीवर आखून घ्या. ती रेघ म्हणजे खरी उत्तर-दक्षिण. पुण्यात २१ डिसेंबरला हा क्षण घड्याळात सुमारे १२ वाजून ३३ मिनिटांनी येतो (तो कसा काढायचा ते पुढे आहे). मे, जून, जुलैमध्ये मात्र हा मार्ग वापरू नका. त्या दिवसांत सूर्य दुपारी जवळपास डोक्यावर असतो. मेच्या मध्यावर पुण्यात शून्य सावलीचा दिवसच येतो. सावली बोटभर पडते आणि तिची दिशा विश्वासाने वाचता येत नाही.

उत्तर मिळाली की मोजणी नकाशावर ती रेघ काढा आणि प्लॉटची पूर्वेची भिंत नेमकी कुठे तोंड करते ते मोजा. नमुन्यात ती बरोबर ९०° धरली आहे. तुमच्या प्लॉटवर भिंतीचं तोंड १००° कडे असेल तर सूर्याच्या प्रत्येक दिगंशातून, म्हणजे उत्तरेपासून पूर्वेकडे मोजलेल्या त्याच्या दिशेतून, १० वजा करा. ८०° कडे असेल तर १० मिळवा. मग बाकीचा हिशेब जसाच्या तसा वापरता येतो.

घड्याळाची वेळ आणि सूर्याची वेळ

सर्वांत जास्त चुका इथे होतात. भारताची प्रमाणवेळ ८२.५° पूर्व रेखांशाची आहे. पुणे त्याच्या ८.६४° पश्चिमेला. प्रत्येक अंशाला ४ मिनिटं, म्हणजे पुण्याचा सूर्य घड्याळाच्या जवळपास ३५ मिनिटं मागे चालतो. मुंबईत हा फरक साडेअडतीस मिनिटांचा, नागपुरात मात्र जेमतेम १४ मिनिटांचा. म्हणून मुंबईसाठी काढलेला तक्ता नागपूरच्या प्लॉटला लावता येत नाही.

याशिवाय पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला असल्यामुळे सूर्य वर्षभरात घड्याळाच्या कधी पुढे, कधी मागे असतो. याला कालसमीकरण म्हणतात. आपल्याला लागणाऱ्या तीन तारखांना ते असं धरा: २१ डिसेंबरला अधिक २ मिनिटं, २१ मार्चला उणे साडेसात मिनिटं, २१ जूनला उणे २ मिनिटं. फेब्रुवारीच्या मध्याला ते उणे १४ पर्यंत आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला अधिक १६ पर्यंत जातं. त्यामुळे पुण्यात खरं मध्यान्ह वर्षभरात १२.१८ ते १२.४९ यांच्यामध्ये फिरत असतं.

ही दुरुस्ती विसरली तर काय होतं? २१ डिसेंबरचे सकाळचे ९ वाजले आहेत आणि तेच ९ सूर्याचेही आहेत असं धरलं, तर सूर्य २९° वर दिसतो आणि ११.५ मीटरची सावली साडेवीस मीटर येते. प्रत्यक्षात सूर्य २३° वर असतो आणि सावली जवळपास २७ मीटर पडते. सहा मीटरची ही चूक नेहमी आशादायक बाजूला होते, म्हणून ती जास्त महागात पडते.

सूत्रं

लागणाऱ्या गोष्टी तीनच: अक्षांश, त्या दिवशीची सूर्याची क्रांती (तो विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला वा दक्षिणेला आहे) आणि तासकोन (मध्यान्हापासून तो किती अंश मागे आहे). त्यांवरून उन्नतांश, म्हणजे क्षितिजापासूनची उंची, आणि दिगंश, म्हणजे उत्तरेपासून पूर्वेकडे मोजलेली दिशा, निघतात.

```
d     = 23.45 * sin(360 * (284 + n) / 365)
ST    = IST - 4 * (82.5 - L) + E
H     = 15 * (ST - 12)
sin h = sin(phi)*sin(d) + cos(phi)*cos(d)*cos(H)
cos A = (sin(d) - sin(h)*sin(phi)) / (cos(h)*cos(phi))
S     = height / tan(h)
```

इथे n म्हणजे वर्षातला कितवा दिवस (२१ डिसेंबर ३५५ वा), d क्रांती, IST घड्याळाची वेळ, L रेखांश, E कालसमीकरण, ST सूर्याची वेळ, H तासकोन, phi अक्षांश, h उन्नतांश, A दिगंश आणि S सावलीची लांबी. दुसऱ्या ओळीतली दुरुस्ती मिनिटांत आहे. ती करून झाली की वेळ तासांत करून तिसऱ्या ओळीत घाला.

स्प्रेडशीटमध्ये B1 मध्ये अक्षांश, B2 मध्ये क्रांती आणि B3 मध्ये तासकोन अंशांत लिहा. B4 मध्ये उन्नतांशाचं आणि B5 मध्ये दिगंशाचं सूत्र टाका:

```
=DEGREES(ASIN(SIN(RADIANS(B1))*SIN(RADIANS(B2))+COS(RADIANS(B1))*COS(RADIANS(B2))*COS(RADIANS(B3))))
=DEGREES(ACOS((SIN(RADIANS(B2))-SIN(RADIANS(B4))*SIN(RADIANS(B1)))/(COS(RADIANS(B4))*COS(RADIANS(B1)))))
```

स्प्रेडशीट कोन रेडियनमध्ये धरते, म्हणून RADIANS गाळला की उत्तर हास्यास्पद येतं. ते एका अर्थी बरंच, कारण चूक लगेच कळते. कॅल्क्युलेटर DEG वर आहे ना, तेही आधी पाहा. दिगंशाचं सूत्र ० ते १८० मधलंच उत्तर देतं. सकाळसाठी ते तसंच घ्यायचं, दुपारनंतर मात्र ३६० मधून वजा करायचं.

एक वेळ पूर्ण करून पाहू: २१ डिसेंबर, सकाळी ९. क्रांती उणे २३.४५°. सूर्याची वेळ ९.०० वजा ३४.६ मिनिटं अधिक २ मिनिटं, म्हणजे साधारण ८ वाजून २७ मिनिटं. मध्यान्हाला ३ तास ३३ मिनिटं बाकी, म्हणून तासकोन उणे ५३.२°. सूत्रात घातल्यावर उन्नतांश २३.३° आणि दिगंश १२६.९° येतो. १ मीटरच्या काठीची सावली २.३३ मीटर.

२१ डिसेंबरचा तक्ता

चाचणीसाठी हाच दिवस घ्या. या दिवशी सूर्य सर्वांत दक्षिणेला आणि सर्वांत खाली असतो, आणि सकाळचं ऊन हवंहवंसं वाटतं तेही याच दिवसांत. उत्तरायण संक्रांतीला सुरू होतं असं आपण म्हणतो, पण सूर्य प्रत्यक्ष वळतो तो २१-२२ डिसेंबरला. १४ जानेवारीपर्यंत तो दोन अंश वर आलेला असतो. त्यामुळे संक्रांतीला प्लॉटवर जाऊन मोजलेली सावली वर्षातली सर्वांत लांब नसते.

| वेळ (घड्याळ) | उन्नतांश | दिगंश | १ मी. काठीची सावली | दर मीटर पश्चिमेला गेल्यावर उत्तरेकडे सरक |
|---|---|---|---|---|
| ८.०० | ११.३° | ११९.७° | ४.९९ मी. | ०.५७ मी. |
| ९.०० | २३.३° | १२६.९° | २.३३ मी. | ०.७५ मी. |
| १०.०० | ३३.९° | १३६.९° | १.४९ मी. | १.०७ मी. |
| ११.०० | ४२.३° | १५०.८° | १.१० मी. | १.७९ मी. |

आठच्या आधीचे आकडे मुद्दाम दिलेले नाहीत. पुण्यात त्या दिवशी सूर्य सातच्या सुमारास उगवतो. पण तो १० अंशांच्या खाली असेपर्यंत झाडं, टेकड्या आणि धुकं त्याला अडवतात. तेवढ्या वेळेपुरती मोजलेली सावली शेकडो मीटर येते आणि तिचा निर्णयाला काही उपयोग होत नाही.

शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. सावली दिगंशाच्या बरोबर उलट दिशेला पडते. सूर्य आग्नेयेला, तर सावली वायव्येला. एखाद्या कोपऱ्याची सावली पश्चिमेला एक मीटर गेली की उत्तरेकडे किती सरकते हे तो रकाना सांगतो. काढायची पद्धत साधी आहे: दिगंशाचा cos भागिले दिगंशाचा sin, आणि उणे चिन्ह सोडून द्यायचं.

आता नमुना प्लॉटवर

फक्त लांबी पाहिली तर चित्र निराशाजनक आहे. आठ वाजता ११.५ मीटरची सावली ५७ मीटर, नऊ वाजता २७ मीटर. प्लॉट आहे १५ मीटर रुंद. म्हणजे सगळा प्लॉट सावलीत, असं वाटतं.

आता दिशा घाला. शेजाऱ्याच्या इमारतीचा नैऋत्य कोपरा, म्हणजे आपल्याकडचा आणि रस्त्याजवळचा, रस्त्याकडच्या हद्दीपासून २ मीटरवर आहे. सावलीची दक्षिणेकडची कड याच उभ्या कोपऱ्यापासून निघते. आपल्या भिंतीपर्यंत ४.५ मीटर जाताना ती आठ वाजता ४.५ गुणिले ०.५७, म्हणजे २.६ मीटर उत्तरेला सरकते आणि भिंतीवर रस्त्यापासून ४.६ मीटरवर पडते. नऊ वाजता ही कड ५.४ मीटरवर, दहा वाजता ६.८ वर, अकरा वाजता १० मीटरवर येते. कडेच्या दक्षिणेला असलेली आपली भिंत पूर्ण उन्हात. आपलं घर ३ मीटरवर सुरू होतं, म्हणजे आग्नेय कोपऱ्यातल्या खोलीची पूर्वेकडची खिडकी ३.९ ते ५.१ मीटरमध्ये ठेवली तर आठ वाजता तिच्या अर्ध्याहून थोड्या जास्त भागावर आणि नऊच्या आधीच सगळ्या खिडकीवर ऊन येतं. हीच खिडकी आणखी दोन मीटर उत्तरेला नेली तर तिला दहापर्यंत थांबावं लागतं.

हे ऊन इमारतीच्या वरून आलेलं नाही, कडेने आलं आहे. वरून ते कधी येतं तेही पाहू. त्यासाठी सूर्याची उंची भिंतीला काटकोनातल्या छेदात बदलून घ्यायची: tan h ला दिगंश वजा ९०° च्या cos ने भागायचं. नऊ वाजता हे ०.५४ येतं. ४.५ मीटरवर सावलीची वरची कड १३ वजा २.४, म्हणजे १०.६ मीटर उंचीवर असते. तळमजला तिच्या कितीतरी खाली. १.५ मीटरच्या कट्ट्यावर ऊन वरून पोहोचायला ११ वाजून २० मिनिटं उलटावी लागतात. पहिल्या मजल्यावर, कट्टा ४.५ मीटर धरला, तर अकरा वाजता. दुसऱ्या मजल्यावर सव्वादहानंतर. वरच्या मजल्यावर गेलं की सकाळचं ऊन मिळतं हा समज इतक्या जवळच्या इमारतीसमोर टिकत नाही, एक मजला चढून वीस ते चाळीस मिनिटंच पदरात पडतात.

ईशान्य कोपऱ्याचं काय? नऊ वाजता सावलीची उत्तरेकडची कड १७ अधिक ३.४, म्हणजे रस्त्यापासून २०.४ मीटरवर, प्लॉटच्या बाहेर जाते. ५.४ मीटरपासून मागचा सगळा भाग सावलीत राहतो. वास्तुशास्त्राच्या सांगण्यावरून ईशान्य मोकळी ठेवायची आणि सकाळच्या उन्हासाठी देवघर वा वयस्कर माणसांची खोली तिथे द्यायची, असं बरेचजण ठरवतात. या प्लॉटवर हिवाळ्यातलं ऊन त्या कोपऱ्याला मिळणार नाही. जूनमध्ये मिळेल: तेव्हा आठ वाजता दिगंश ७२°, सावली उलट दक्षिणेला दीड मीटरभर सरकते आणि १५.६ मीटरच्या मागचा भाग मोकळा होतो. पण पुण्यात ते दिवस ढगांचे.

मार्चमध्ये कडेचा मार्गही जवळपास बंद होतो. २१ मार्चला नऊ वाजता दिगंश १०२°, सावली उत्तरेला एकच मीटर सरकते आणि कड आपल्या घराच्या अगदी कोपऱ्यावर येऊन बसते. तेव्हा पूर्वेच्या भिंतीला तळमजल्यावर पुन्हा ११.२० पर्यंत वाट पाहावी लागते. उन्हाळ्याच्या तोंडावर याचं दुःख नाही.

मग खिडक्या कुठे

नमुना प्लॉटचं सर्वांत चांगलं उत्तर पूर्वेला नाही, दक्षिणेच्या भिंतीला आहे. तिच्यावरच्या कोणत्याही बिंदूपासून सूर्याकडे पाहिलं तर डिसेंबरात नजर शेजाऱ्याच्या नैऋत्य कोपऱ्याच्या दक्षिणेकडून निघून जाते. ३ मीटरवरच्या भिंतीपासून शेजाऱ्यापर्यंत ४.५ मीटर जाताना नजर आठ वाजता २.६ मीटर दक्षिणेला सरकते आणि रस्त्यापासून ०.४ मीटरवर येते. शेजाऱ्याची भिंत २ मीटरवर सुरू होते, म्हणजे वाट मोकळी. पूर्ण दक्षिण भिंत आठपासून उन्हात.

रस्त्यापलीकडचंही तपासा. समोरची घरं रस्त्यापासून ३ मीटर आत धरली तर आपल्या भिंतीपासून दक्षिणेला १५ मीटर. पण सूर्य तिरका असल्यामुळे किरणाचा मार्ग त्याहून लांब: १५ भागिले ०.४९५, म्हणजे ३० मीटर. ११.३° ने तो एवढ्या अंतरात ६ मीटर चढतो, कट्ट्याचे दीड मीटर मिळवले तर साडेसात. समोर साडेसात मीटरपर्यंत कोणी बांधलं तरी आठचं ऊन टिकतं. त्याहून उंच बांधलं तर ते उशिरा येईल, आणि किती उशिरा तेही याच पद्धतीने निघतं.

दक्षिणेच्या खिडकीवरचा छज्जा ऋतू निवडण्याचं काम आपोआप करतो. लिंटेलच्या पातळीवर ०.६ मीटरचा छज्जा डिसेंबरात आठ वाजता खिडकीचा वरचा २४ सेंटीमीटर भाग झाकतो, नऊ वाजता ४३, दहा वाजता ५५. १.३५ मीटर उंच खिडकीत पुरेसं ऊन आत येतं. २१ मार्चला मात्र हाच छज्जा १.७९ मीटर खालपर्यंत सावली टाकतो, म्हणजे छज्जा खिडकीच्या दोन्ही बाजूंना थोडा पुढे असेल तर अख्खी खिडकी झाकली जाते. विषुवदिनाला हा आकडा दिवसभर सारखाच राहतो. छज्जा ०.९ मीटर केला तर डिसेंबरात दहा वाजता ८३ सेंटीमीटर झाकले जातात आणि हिवाळ्याचं ऊनही निम्म्याहून कमी उरतं. म्हणून या खिडकीला ०.६ पुरे.

पूर्वेचं सामासिक अंतर १.५ ऐवजी ३ मीटर केलं तर? भिंतींमधलं अंतर ६ मीटर होतं. नऊ वाजता सावलीची कड ५.४ ऐवजी ६.५ मीटरवर जाते, म्हणजे उन्हातली पट्टी १.१ मीटरने वाढते. वरून येणारं तळमजल्यावरचं ऊन जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं आधी येतं. त्यासाठी घराची रुंदी दीड मीटर कमी करणं सहसा परवडत नाही. त्यापेक्षा बसायची खोली आणि आजी-आजोबांची खोली रस्त्याकडे, आणि जिना, संडास-बाथरूम, कोठी पूर्वेच्या मागच्या भागात, ही मांडणी फुकट मिळते. आग्नेयेला स्वयंपाकघर ठेवण्याची जुनी पद्धत इथे उन्हाशीही जुळते.

कुठे गणित फसतं

शेजारी रिकामा प्लॉट असेल तर आज दिसणारं ऊन मोजू नका. त्या प्लॉटवर स्थानिक नियमांप्रमाणे जेवढी उंची आणि जेवढं सामासिक अंतर शक्य आहे तेवढी इमारत उभी आहे असं धरून हिशेब करा. बैठं घर असेल तरी तेच, पुनर्विकास केव्हाही होतो. या नमुन्यात सगळं गणित शेजाऱ्याच्या एका नैऋत्य कोपऱ्यावर टेकलेलं आहे. तो आपल्या दर्शनी भिंतीच्या कितीतरी पुढे, रस्त्यालगत आला तर कडेचं ऊन जातं.

उंची मोजताना मजले गुणिले ३ मीटर करून थांबू नका. स्टिल्ट, पॅरापेट आणि जोतं धरा. पाण्याची टाकी आणि लिफ्टची खोली वेगळी मोजा, त्यांची सावली अरुंद असते आणि थोड्या वेळात सरकून जाते. उंची माहीतच नसेल तर इमारतीची सावली सपाट मोकळ्या जमिनीवर पडलेली असताना, त्याच मिनिटाला १ मीटरच्या काठीची सावलीही मोजा. इमारतीची सावली भागिले काठीची सावली, म्हणजे उंची मीटरमध्ये. इमारतीची सावली तिच्या पायथ्यापासून, सूर्याच्या उलट दिशेने, तिरकीच मोजायची. भिंतीला काटकोनात मोजली तर ती कमी भरते. सावली मध्येच कंपाउंडच्या भिंतीवर चढली असेल तर तो आकडा वापरू नका. जमिनीला उतार असेल तर शेजाऱ्याच्या आणि आपल्या जोत्याच्या पातळीतला फरक उंचीत मिळवा किंवा वजा करा.

आणि शेवटी, आर्किटेक्टला आकडे देण्याआधी, जागेवर एकदा पडताळा घ्या. १ मीटरची सरळ काठी ओळंब्यात उभी करा. त्या दिवशीच्या क्रांतीने आणि कालसमीकरणाने ९ आणि १० वाजताचे दोन आकडे आधी काढून ठेवा, मग सावलीची लांबी आणि उत्तरेच्या रेघेशी तिचा कोन मोजा. डिसेंबरात नऊ वाजता सूर्य भरभर चढत असतो, त्यामुळे मोजायला दोन मिनिटं इकडेतिकडे झाली तरी सावलीत चारेक सेंटीमीटरचा फरक पडतो. तेवढा सोडून द्या. सावलीची लांबी २० सेंटीमीटरने किंवा त्याहून जास्त चुकली तर आधी वेळेची दुरुस्ती तपासा. लांबी बरोबर येऊन कोन चुकला तर उत्तरेची रेघ पुन्हा काढा.